न पेटलेला बल्ब

ओवीने होल्डरमधून बल्ब फिरवून काढला, कानाशी नेऊन हलवून पाहिला आणि निकाल दिला, "मावशी, हा गेला."

तिच्या दृष्टीने पुरावा स्पष्ट होता. दोन पेन्सिल सेल, एक स्विच, एक बझर आणि एक बल्ब असे सगळे तिने एकापाठोपाठ एक जोडले होते. स्विच दाबल्यावर बझर घरभर किंचाळला, पण बल्ब मात्र ढिम्म राहिला. बझर वाजतो म्हणजे सेल ठीक आहेत, वायरी ठीक आहेत, स्विचही ठीक आहे. मग राहिला कोण, तर बल्ब. अकराव्या वर्षी इतका सुसंगत विचार करता येणे ही साधी गोष्ट नव्हे. केवळ त्यातून निघालेला निष्कर्ष चुकीचा होता.

मी तंत्रनिकेतनात विद्युत विभागात शिकवते, त्यामुळे दिवाळीच्या सुटीत साताऱ्याहून आठ दिवस राहायला आलेल्या भाचीसाठी असा संच आणणे हे घरात सगळ्यांना ओघानेच आलेले वाटले. प्रत्यक्षात तो निवडताना मी बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चांगला अर्धा दिवस घालवला. हल्ली मिळणाऱ्या बऱ्याच संचांमध्ये प्रत्येक भाग प्लॅस्टिकच्या रंगीत ठोकळ्यात बसवलेला असतो आणि ठोकळे बटणासारखे टचकन एकमेकांना जोडायचे असतात. ते दिसायला देखणे असतात आणि कधी चुकत नाहीत, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. बल्बला वायर नेमकी कुठे टेकते, चिमटा तांब्याला धरतो आहे की वरच्या प्लॅस्टिकला, या गोष्टी ठोकळ्याच्या पोटात झाकल्या जातात. म्हणून मी सुटे सामान घेतले: दोन सेल बसतील असा होल्डर, टॉर्चचे आटे असलेले चार बल्ब आणि त्यांचे होल्डर, लाल-काळ्या वायरींचा एक छोटा बझर, साधा स्विच, आणि दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिपा लावलेल्या आठ-दहा वायरी. टॉर्चमध्ये आता सगळीकडे एलईडी आल्यामुळे तारेचे बल्ब मिळेनासे झाले आहेत. दुकानदाराने मागच्या खोलीतून एक धुळकट खोका काढला आणि "हे कोण नेतंय आता" असे म्हणत त्यातले चार बल्ब मोजून दिले.

एलईडी न घेण्याला कारण होते. एलईडीला दिशा असते, त्याच्या जोडीला रोध लावावा लागतो आणि त्याच्या आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. तारेच्या बल्बचे तसे नसते. पहिल्या संध्याकाळी मी ओवीला होल्डर, स्विच, क्लिपा यांतले काहीच दिले नाही. एक सेल, एक बल्ब आणि टोके सोललेला वायरीचा एकच तुकडा तिच्या हातात दिला आणि बल्ब पेटवायला सांगितले. तिने सेलच्या वरच्या टोकावर बल्बचे बूड टेकवले आणि वाट पाहिली. मग वायरीने सेलचे खालचे टोक बल्बच्या बुडाशी जोडले, तरी काही झाले नाही. पाच-सात मिनिटे खटपट केल्यावर तिने भिंग मागितले, तेव्हा मला बरे वाटले.

भिंगातून बल्ब पाहण्यासारखा असतो. आतली केसापेक्षा बारीक, स्प्रिंगसारखी वळवलेली तार, म्हणजेच पुस्तकातले कुंतल, दोन उभ्या तारांवर ताणलेले असते, आणि त्या दोन तारा मध्ये काचेच्या एका मण्यात रोवलेल्या असतात. मण्याच्या खाली त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. एक तार बाजूच्या आट्यांच्या धातूला डाख दिलेली असते आणि दुसरी थेट बुडाच्या टिकलीपर्यंत जाते. टिकली आणि आटे यांच्यामध्ये काळ्या किंवा काचेसारख्या पदार्थाचे कडे असते. ओवीने बोटाने ती वाट गिरवली: टिकलीतून वर, कुंतलातून पलीकडे, खाली आट्यात. "म्हणजे याला दोन दारं आहेत," असे म्हणून तिने वायर आट्यांना टेकवली आणि बल्ब पेटला. सेल एकच होता आणि बल्ब अडीच व्होल्टचा, त्यामुळे उजेड तांबूस आणि मलूल पडला, पण तो तिने स्वतः लावला होता. ठोकळ्यांच्या संचात ही दोन दारे सापडली नसती.

दुसऱ्या दिवशी एका गोष्टीने मला अडवले, आणि ती गोष्ट मी वर्गातही पुरेशा गांभीर्याने घेत नसे, हे कबूल करायला हवे. होल्डरमध्ये आता दोन सेल, म्हणजे तीन व्होल्ट होते. दोन बल्ब एकसर जोडायचे, म्हणजे एकाच वाटेवर एकापुढे एक, असे ठरले आणि स्विच दाबण्याआधी मी तिला अंदाज विचारला. तिने क्षणभरही विचार न करता सांगितले की प्लसजवळचा बल्ब जास्त उजेड देईल, कारण पहिल्या बल्बने थोडा करंट खाल्ल्यावर पुढच्याला उरलेलाच मिळणार.

ही समजूत एकट्या ओवीची नाही. न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बोर्न आणि पीटर फ्रायबर्ग यांनी मुलांच्या विज्ञानविषयक कल्पनांचा अभ्यास केला, तेव्हा साध्या परिपथाबद्दल मुलांच्या डोक्यात असलेली चित्रे थोड्याच प्रकारांत बसतात असे आढळले. काही मुलांना एकच वायर कामाची वाटते आणि दुसरी उगीचच लावलेली. काहींच्या मते दोन्ही टोकांकडून काहीतरी निघते आणि बल्बमध्ये त्यांची टक्कर होऊन उजेड पडतो. काहींना वाटते की विद्युतधारा एका बाजूने निघते, वाटेत खर्च होते आणि परत येताना कमी उरते. वाटेवर सगळीकडे धारा सारखीच असते हे चौथे चित्र क्वचितच आपसूक सुचते. ओवीने पहिल्या संध्याकाळी बल्बच्या बुडाशीच खटपट केली तेव्हा ती पहिल्या चित्रात होती. दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्यात पोहोचली होती. हे तिसरे चित्र सर्वांत चिवट असते, कारण ते अर्धे खरे आहे. सेल संपतो, म्हणजे काहीतरी खर्च होतेच. ते 'काहीतरी' म्हणजे धारा नसून ऊर्जा आहे, हे वाक्य फळ्यावर लिहायला सोपे आहे, आणि ते लिहून काहीही घडत नाही हे मी वीस वर्षे पाहत आले आहे.

तिने स्विच दाबला. दोन्ही बल्ब मंदावले, पण प्लसजवळचा बल्ब खरोखरच दुसऱ्यापेक्षा उजळ होता.

ओवीने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. मी शिक्षकी थाटात नियम सांगण्याच्या बेतात होते, पण डोळ्यांसमोर नियमाच्या विरुद्ध साक्ष असताना नियम सांगण्यात अर्थ नव्हता. मी तिला फक्त दोन बल्बांच्या जागा अदलाबदल करायला सांगितले. तिने केली, आणि उजळ बल्ब आता मायनसजवळ गेला. उजेड जागेला चिकटलेला नव्हता, तो बल्बला चिकटलेला होता. मग भिंग पुन्हा बाहेर आले आणि आट्यांच्या कडेला कोरलेली बारीक अक्षरे वाचली गेली. एका बल्बवर २.५ व्होल्ट ०.३ अँपिअर होते आणि दुसऱ्यावर २.५ व्होल्ट ०.२ अँपिअर. त्या धुळकट खोक्यात दोन प्रकारचे बल्ब एकत्र होते आणि मी ते न पाहताच आणले होते. दोघांतून धारा सारखीच जात होती. ०.२ अँपिअरच्या बल्बला पुरते तापायला कमी धारा लागते, म्हणून तेवढ्याच धारेत तो जास्त उजळला आणि दुसरा मागे राहिला. हेच बल्ब एकेकटे लावले तर क्रम उलटतो, आणि ओवीने तो लगेच उलटवून पाहिला.

माझ्या निष्काळजीपणातून निघालेली ही भेसळ पुढे फारच उपयोगी ठरली. सगळे बल्ब एकसारखे असते तर दोन्ही सारखेच मंद पेटले असते, मी "बघ, धारा सारखी असते" म्हटले असते, तिने मान डोलावली असती आणि तिसरे चित्र डोक्यात जसेच्या तसे राहिले असते. जागा बदलून पाहण्याची सवय मात्र तिला तिथून लागली. काहीही बिघडले की ती दोन वस्तूंच्या जागा बदलायची आणि दोष वस्तूबरोबर सरकतो की जागेवरच राहतो ते पाहायची. आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसांनाही हे सांगावे लागते.

तिसऱ्या दिवशी बझर आला, आणि सुरुवातीला सांगितलेला प्रसंग घडला. बझरने आधी थोडा त्रास दिला होता, कारण तो उलटा जोडला की मुका होतो. त्याच्या आत पितळी चकतीवर चिकटवलेली सिरॅमिकची पातळ थाळी असते आणि तिला थरथरवणारा छोटासा इलेक्ट्रॉनिक भाग असतो. त्या भागाला लाल वायर प्लसकडे आणि काळी मायनसकडेच लागते. बल्बला मात्र धारा कुठूनही आली तरी चालते. हा फरक ओवीने स्वतःच वायरी उलट्यापालट्या करून शोधला आणि वहीत "बझरला दिशा कळते, बल्बला कळत नाही" असे लिहून ठेवले.

तर बझर वाजत होता, बल्ब पेटत नव्हता, आणि कानाशी हलवल्यावर आत काही खुळखुळतही नव्हते. "गेला" या निकालावर मी इतकेच विचारले की बल्ब आता तुझ्या हातात आहे, मग बझर वाजतो आहे का? बझर केव्हाच थांबला होता, पण तिच्या लक्षात आले नव्हते. तिने बल्ब परत होल्डरमध्ये फिरवला. शेवटच्या वेढ्याला बझर पुन्हा किंचाळू लागला. सैल केला की गप्प, आवळला की आवाज, असे पाच-सहा वेळा झाले. वाट बल्बमधूनच जात होती. जळलेल्या बल्बची तार तुटलेली असते आणि तुटलेल्या तारेतून बझर वाजू शकत नाही. म्हणजे बल्ब धडधाकट होता, त्यातून धारा जात होती, आणि तरीही तो पेटत नव्हता.

ही गोष्ट तिला पचेना. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एका वायरीने बल्बची दोन्ही टोके परस्पर जोडली, म्हणजे बल्बला बाजूला सारले; बझरच्या आवाजात काहीच फरक पडला नाही. त्याच वायरीने बझरला बाजूला सारले, तर बल्ब भक्कन पेटला. "बझर याचं सगळं घेतोय," ती म्हणाली. जुने चित्र पुन्हा डोके वर काढत होते: पुढच्याने खाल्ले, मागच्याला उरले नाही. मी तिला बझर आणि बल्ब यांच्या जागा बदलायला सांगितले. बल्ब आता प्लसजवळ, बझरच्या आधी आला, तरी तो पेटला नाही. आधी असूनही ज्याला काही मिळत नाही, त्याचे नंतरच्याने खाल्ले कसे म्हणायचे?

इथे मी मल्टिमीटर काढला. एरवी तो मुलांच्या हाती लवकर देऊ नये असे माझे मत आहे, कारण आकडा दिसला की विचार थांबतो. पण आता विचार आधी झाला होता आणि त्याला आकड्याची भूक लागली होती. परिपथात मीटर घातल्यावर बझर आणि बल्ब दोघांतूनही तीच ९ मिलिअँपिअर धारा जात असल्याचे दिसले. बल्बवर कोरलेले ०.३ अँपिअर म्हणजे ३०० मिलिअँपिअर. भागाकार ओवीनेच केला: बल्बला पुरते पेटायला जेवढे लागते त्याच्या तेहतिसाव्या हिश्श्याइतकेच त्याच्यातून चालले होते. एवढ्याने कुंतल कोमटही होत नाही. व्होल्टेज मोजले तेव्हा बझरच्या टोकांशी जवळजवळ सगळे तीन व्होल्ट मिळाले आणि बल्बच्या टोकांशी फक्त ११ मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास.

मागच्या वर्षी नवरात्रात आम्ही चतुःशृंगीला गेलो होतो, तेव्हा गाभाऱ्याच्या दारातून एका वेळी एकच माणूस सोडत होते आणि पायऱ्यांवरची लांबलचक रांग त्याच गतीने सरकत होती. ओवीला ती आठवली. रांग कुठेही पाहिली तरी मिनिटाला माणसे तेवढीच पुढे जातात, दाराच्या अलीकडेही आणि पलीकडेही, आणि किती जायची ते अरुंद दार ठरवते. बझर म्हणजे ते दार आणि बल्ब म्हणजे पायऱ्यांवरची रुंद जागा. उपमा तिला पटली, आणि लगेच तिने तिची खोटही काढली: दार बंद केले तर मागचे लोक गर्दी होईपर्यंत पुढे येतच राहतात, पण इथे बल्ब सैल केला की बझर तत्क्षणी थांबतो. मी ती खोट मान्य केली. सगळी साखळी एकदमच हलते किंवा एकदमच थांबते, रांगेसारखी सावकाश नाही. उपमा कुठे मोडते हे मुलाला दिसले की मग ती वापरायला माझी हरकत नसते.

तरी एक शंका राहिली होती, आणि ती तिने दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता विचारली. बल्ब पेटलेला असताना त्याच्या अलीकडे आणि पलीकडे धारा खरोखर सारखी असते का? मीटर मी आणला, तो मीच वाचला. तिला स्वतः बघायचे होते. त्यासाठी आम्ही एक जुनी युक्ती वापरली. वायरीजवळ होकायंत्राची सुई हलते हे कोपनहेगनमध्ये हान्स क्रिश्चन अर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवले, तेव्हापासून धारा मोजण्याचा तो सर्वांत साधा मार्ग आहे. काडेपेटीच्या आतल्या खोक्यात छोटे होकायंत्र ठेवले, त्यावरून वार्निश असलेल्या तांब्याच्या वायरीचे तीन वेढे घेतले, आणि खोके असे फिरवले की वेढे सुईच्या दिशेला समांतर येतील. वायरीची टोके पॉलिश पेपरने घासावी लागतात, नाहीतर वार्निश धारेला आत येऊ देत नाही. हे विसरल्यामुळे पहिली वीस मिनिटे वाया गेली. आणखी दहा मिनिटे सुई सेलकडेच झुकत राहिल्याने गेली, कारण पेन्सिल सेलचे कवच पोलादी असते. सेल हातभर लांब सरकवल्यावर सुई उत्तरेला स्थिरावली.

बल्बच्या अलीकडे खोके जोडल्यावर सुई सुमारे ३५ अंश वळली. मग पोह्यांची हाक आली. बल्ब तसाच जळत ठेवून आम्ही खायला बसलो आणि परत येऊन तिने खोके बल्बच्या पलीकडे जोडले. सुई ३२ अंशांवर थांबली.

"कमी झाला!" ती जवळजवळ ओरडलीच. इतक्या सायासांनंतर तिचेच चित्र खरे ठरत होते. मी काही बोलले नाही, कारण या क्षणी बोलणारा मोठा माणूस मुलाच्या डोळ्यांत हटकून खोटा ठरतो. तीच थोड्या वेळाने म्हणाली, की जागा बदलून बघूया. खोके पुन्हा बल्बच्या अलीकडे आले, तरी सुई ३२ अंशांवरच होती. फरक जागेचा नव्हता, वेळेचा होता. आम्ही पोहे खात असताना सेल दमले होते. स्वस्तातले झिंक-कार्बनचे सेल ३०० मिलिअँपिअरच्या बल्बपुढे अर्ध्या तासात चांगलेच खाली येतात. नवे सेल घालून तिने अलीकडे, पलीकडे, पुन्हा अलीकडे असे भराभर मोजले, आणि तिन्ही वेळा सुई एकाच रेघेवर थांबली. त्या दिवशी वहीत फक्त तीन आकडे लिहिले गेले, शेजारी वेळ टाकून. वेळ लिही असे मी सांगितले नव्हते.

मग आम्ही बझर आणि न पेटणारा बल्ब यांच्या वाटेत तेच खोके घातले, आणि सुईने दाद दिली नाही. ९ मिलिअँपिअरला तीन वेढे कुठले पुरणार! ओवीने वेढे वाढवत नेले. पन्नासाच्या आसपास सुई जागची हलून वीसेक अंश वळली, आणि बल्ब मात्र काळोखातच होता. तिने खोलीचे दिवे घालवून कुंतलाला नाक लावून पाहिले. लालसर छटासुद्धा नव्हती. मला वाटते, त्या संचाने तिला जे द्यायचे ते या एका दृश्यात दिले. बल्ब ही धारेची साक्ष आहे, पण ती फक्त मोठ्या धारेची साक्ष आहे. बझर त्याहून हलक्या धारेला जागा होतो, आणि वेढ्यांतली सुई, वेढे वाढवाल तशी, त्याहूनही हलक्या धारेला.

उरलेल्या दिवसांत घरातल्या बहुतेक वस्तूंची या साक्षीदारांसमोर हजेरी झाली. दोन्ही टोकांना टोक काढलेल्या पेन्सिलीतून बझर जणू मध्ये काही नाहीच असा वाजला, आणि त्याच पेन्सिलीतून बल्ब फक्त अंधारात कळण्याइतका अंधुक लाल झाला. चमचा, किल्ली, कढईचा दांडा, देवघरातली घंटा यांचे निकाल अपेक्षित लागले. बाहेर लावलेल्या जुन्या माळेबद्दल तिने विचारले, की एक बल्ब गेला की सगळे का जातात. उत्तर तिचे तिलाच माहीत होते, चाळीसेक छोटे बल्ब एकसर जोडून २३० व्होल्ट त्यांच्यात वाटून दिलेले असतात. माळ उघडून पाहायला मी परवानगी दिली नाही, आणि त्याबाबतीत वाद होऊ दिला नाही. या खेळाची सीमा दोन पेन्सिल सेलांपाशी आहे. घरातल्या बोर्डाशी, मोबाइलच्या बॅटरीशी किंवा इन्व्हर्टरशी त्याचा संबंध येता कामा नये. दोन सेलसुद्धा अगदीच निरुपद्रवी नसतात. एकदा दोन क्लिपा नकळत एकमेकींना लागून राहिल्या, बल्ब विझला आणि ती वायरी तपासत बसली. होल्डर उचलला तेव्हा सेल हाताला चांगलेच गरम लागले. बल्ब विझलेला आणि सेल गरम, ही जोडी दिसली की कुठेतरी आखूड वाट झाली आहे आणि आधी सेल काढायचे आहेत, हे तिला तेव्हा कळले.

बिघाड शोधणे हा या संचातला मला सर्वांत आवडणारा भाग, आणि सोबतच्या पुस्तिकेत त्याबद्दल एक ओळही नव्हती. पुस्तिकेतल्या सगळ्या चित्रांत बल्बाभोवती किरणे काढलेली होती. प्रत्यक्षात दहापैकी तीन-चार वेळा काहीच पेटत नाही: क्लिपेने वायरीच्या प्लॅस्टिकला धरलेले असते, क्लिपेच्या रबरी टोपीखाली तार तुटलेली असते, बल्ब अर्धा वेढा सैल असतो, सेलच्या स्प्रिंगवर हिरवट बुरशीसारखा गंज आलेला असतो. ओवी सुरुवातीला सगळे सोडून पुन्हा पहिल्यापासून जोडायची. सहाव्या दिवशी तिने आपली पद्धत बदलली. बझरची काळी वायर सेलच्या मायनसला कायमची लावली आणि लाल वायरीचे टोक प्लसपासून निघून परिपथाच्या एकेका जोडावर टेकवत गेली. वाजते आहे, वाजते आहे, वाजते आहे, आणि मग गप्प. शेवटचा आवाज आणि पहिली शांतता यांच्यामध्ये दोष सापडला. रस्त्यात बिघडलेल्या गाडीच्या वायरिंगमध्ये मेकॅनिक टेस्ट लॅम्प घेऊन हेच करतो.

ओवी गेल्यावर पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. घरच्या पाण्याच्या टाकीसाठी ती गजर करत होती. दोन खिळे टाकीत वर सोडायचे, पाणी तिथवर चढले की बझर वाजेल, असा बेत होता. बादलीत मीठ घालून पाहिले तेव्हा बझर दबक्या आवाजात का होईना वाजला. टाकीच्या नुसत्या पाण्यात मात्र तो बोललाच नाही, आणि टाकीत मीठ घालू द्यायला तिची आई तयार नव्हती.

"म्हणजे नुसत्या पाण्यातून करंट जात नाही?" मी विचारले.

"तसं कुठे म्हणाले मी," ती म्हणाली. "बझरला पुरत नाहीये. काडेपेटीवर वेढे वाढवतेय, सुई हलते का बघायला."

"किती झाले?"

"दोनशे. अजून वायर आहे."